काटा जुळला, सळ्या कमी पडल्या

गुरुजींच्या हातात वजनकाट्याची पावती होती आणि चेहऱ्यावर समाधान. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि त्यांची वजाबाकी: २१५० किलो. दुकानाच्या चलनावरही २१५० किलो. निवृत्तीच्या पैशातून बांधत असलेल्या घराच्या स्लॅबचं लोखंड त्यांनी स्वतः गाडीसोबत काट्यावर जाऊन वजन करून आणलं होतं. एका किलोचाही फरक नव्हता.

फिटर मात्र बंडलं लावून घेताना थांबला. पावती त्याने पाहिलीही नव्हती. बंडलांची जाडी हाताने अजमावत तो मला म्हणाला, "साहेब, अडीच सुती कमी वाटतीय. आणि चार सुती हाताला हलकी लागतीय."

"काटा तर बरोबर आहे ना?" गुरुजींनी विचारलं.

काटा बरोबर होता. फिटरही बरोबर होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्यात त्या दिवशी आमचे तीन तास गेले. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला वाटतं, म्हणून सगळे आकडे इथे मांडतो आहे. आकडेमोड सातवीच्या वरची नाही.

घराचं डिझाइन झालं की इंजिनिअर लोखंडाचा एक तक्ता तयार करतो. त्याला बार बेंडिंग शेड्यूल म्हणतात, साइटवर सगळे बीबीएस म्हणतात. प्रत्येक बीम, प्रत्येक कॉलम आणि स्लॅबचा प्रत्येक भाग यांत कोणत्या व्यासाची, कोणत्या आकारात वाकवलेली, किती लांबीची सळई किती नग लागणार, हे त्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. त्यातली एकच ओळ उलगडून दाखवतो, म्हणजे बाकीच्या शंभर ओळी तशाच आहेत हे कळेल.

गुरुजींच्या हॉलवरचा बीम २३० एमएम रुंद आणि ३८० एमएम उंच होता. त्यातल्या उभ्या-आडव्या सळ्यांना कवेत घेणारी चौकोनी रिंग ८ एमएमची. काँक्रीटचं कव्हर सगळीकडून २५ एमएम सोडलं की रिंगचा बाहेरचा आकार उरतो १८० बाय ३३०. चारही बाजू मिळून १०२० एमएम. टोकांना दोन हुक, प्रत्येकी व्यासाच्या दहापट, म्हणजे ८० एमएम; दोन्ही मिळून १६०. आता सळई वाकवताना कोपऱ्यावर ती थोडी ताणली जाते, त्यामुळे बाहेरून मोजलेल्या मापापेक्षा कमी लांबीची सळई पुरते. काटकोनी वाकाला व्यासाच्या दुप्पट आणि हुकाच्या वाकाला तिप्पट वजा करायची रीत आहे. तीन काटकोन आणि दोन हुक मिळून ९६ एमएम कमी होतात. राहिले १०८४ एमएम, म्हणजे १.०८४ मीटर. बीमचा मोकळा गाळा ४ मीटर आणि दर १५० एमएमवर एक रिंग, तर २८ रिंगा. या एका ओळीत ८ एमएमची सळई लागणार सुमारे साडेतीस मीटर.

अशा सगळ्या ओळींची व्यासाप्रमाणे बेरीज केली, तेव्हा गुरुजींच्या स्लॅबला आणि बीमना मिळून ८ एमएम १८४० मीटर, १० एमएम ६२० मीटर, १२ एमएम ५४० मीटर आणि १६ एमएम ३१० मीटर लागणार होती. हाच बीबीएसचा खरा निकाल, आणि तो मीटरमध्ये आहे. काँक्रीटच्या आत काम करते ती ठरलेल्या जागी पोचलेली लांबी आणि त्या लांबीची जाडी. किलो हा आकडा नंतर येतो, कारण दुकानदार लोखंड किलोवर विकतो.

मीटरवरून किलोवर जायचा पूल म्हणजे दर मीटरचं वजन. पोलादाचं वजन एका घनमीटरला ७८५० किलो धरतात. सळईच्या गोल कापाचं क्षेत्रफळ काढून त्याला या घनतेने गुणलं आणि सगळे स्थिर आकडे एकत्र केले, की एक सुटसुटीत सूत्र उरतं: एमएममधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२. उत्तर येतं एका मीटरचे किलो. ८ एमएमला ६४ भागिले १६२, म्हणजे ०.३९५ किलो. १० एमएमला ०.६१७, १२ एमएमला ०.८८८, १६ एमएमला १.५८. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, ही गोष्ट लक्षात ठेवली तर तक्त्यातली टंकनचूक लगेच सापडते. ०.३९५ची चौपट १.५८, बरोबर ८ आणि १६चं नातं.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडचे जुने फिटर अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ एमएम. ८ एमएमला ते अडीच सूत म्हणतात, १०ला तीन, १२ला चार आणि १६ला पाच. अडीच आणि पाच जवळजवळ अचूक बसतात. पण चार सूत म्हणजे खरं तर १२.७ एमएम, आणि ते नाव चिकटलं आहे १२ एमएमच्या सळईला. कुणी ‘चार सूत’वरून वजन काढलं तर मीटरला जवळपास एक किलो येईल, खऱ्यापेक्षा १२ टक्के जास्त. बोलायला सूत चालेल, गुणाकाराला नाही.

दुसरा मोह व्हर्निअरने जाडी मोजण्याचा. आजची टीएमटी सळई गुळगुळीत नसते, तिच्या अंगावर काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या बारीक कडा असतात. कडांवर व्हर्निअर लावला तर १२ एमएमची सळई १२पेक्षा जास्त भरते, कडांच्या मधल्या अंगावर लावला तर कमी. दोन्ही मापं खरी आणि दोन्ही निरुपयोगी. ‘१२ एमएम’ या नावाचा अर्थच असा, की तेवढ्याच लांबीच्या १२ एमएमच्या गुळगुळीत गोल सळईइतकं पोलाद हिच्यात असायला हवं. ते पाहायचा मार्ग एकच: लांबी मोजायची, वजन करायचं आणि भागाकार करायचा.

आता मागणीकडे. बीबीएसमधल्या मीटरना दर मीटरच्या वजनाने गुणलं तर ८ एमएमचे ७२७ किलो, १० एमएमचे ३८३, १२ एमएमचे ४८० आणि १६ एमएमचे ४९० किलो झाले. एकूण २०८० किलोच्या आसपास. कापताना तुकडे वाया जातात म्हणून साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढवून मागणी केली. ८ एमएम ७५० किलो, १० एमएम ३९५, १२ एमएम ४९५, १६ एमएम ५१० किलो. बेरीज २१५०. दुकानदाराने दुकानातल्या काट्यावर एकेका व्यासाचं वजन करून तेवढंच गाडीत भरलं. फसवणुकीचा कुठे मागमूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण गोष्ट फसवणुकीची असती तर ती फक्त सावध राहण्याची गोष्ट झाली असती.

फिटरच्या शंकेवरून आम्ही बंडलं सोडली आणि सळ्या मोजल्या. सळई कारखान्यातून १२ मीटरची येते आणि वाहतुकीसाठी मधोमध दुमडलेली असते. मोजताना एक दुमड म्हणजे एक नग, हे पक्कं ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर एकाच सळईची दोन टोकं दोन नग म्हणून मोजली जातात. मी तीन ठिकाणच्या सळ्या उलगडून टेपने मोजल्या. लांबी १२ मीटरच भरली.

मोजणी अशी निघाली. ८ एमएम १५१ नग, म्हणजे १८१२ मीटर. १० एमएम ५३ नग, ६३६ मीटर. १२ एमएम ४९ नग, ५८८ मीटर. १६ एमएम २७ नग, ३२४ मीटर.

आधी मी तेच केलं जे बहुतेक लोक करतात. या मीटरना पुस्तकातल्या वजनाने गुणून एकूण वजन काढलं: ७१६ अधिक ३९२ अधिक ५२२ अधिक ५१२, म्हणजे २१४२ किलो. काट्यावर २१५०. दोन टनांत आठ किलोंचा फरक, अर्ध्या टक्क्याहून कमी. एवढ्यावर बहुतेक जण कागद मिटून चहा मागवतात. मीही मिटला असता, पण फिटर म्हणाला होता की अडीच सुती कमी आहे, आणि तो खरा ठरत होता. बीबीएसला १८४० मीटर हवी होती आणि समोर १८१२ मीटर होती. कापण्यातली नासाडी धरण्याआधीच २८ मीटर कमी. २८ मीटर म्हणजे हॉलवरच्या बीमच्या पंचवीस रिंगा, जवळजवळ अख्खा बीम.

सातशे पन्नास किलोला ०.३९५ने भागलं तर १८९९ मीटर यायला हवी होती. सत्याऐंशी मीटर गेली कुठे?

ते शोधायला आम्ही प्रत्येक व्यासाच्या तीन वेगवेगळ्या बंडलांतून एकेक सळई काढली आणि प्रत्येकीचा एक मीटरचा तुकडा कापला. कटरने कापलेलं टोक थोडं तिरकं दाबलं जातं, म्हणून दोन्ही टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घेतलं. एक मीटरच्या तुकड्यात पाच एमएम चुकले तर अर्धा टक्का तिथेच गेला. माती आणि सैल गंज फडक्याने पुसला. मग ते बारा तुकडे घेऊन गुरुजी आणि मी चौकातल्या किराणा दुकानात गेलो. तिथल्या दहा किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन ग्रॅमपर्यंत वाचता येत होतं. हे महत्त्वाचं आहे. सिमेंटच्या गोण्या तोलण्याचा काटा पन्नास ग्रॅमच्या टप्प्याने वाचतो, आणि ८ एमएमचा एक मीटर चारशे ग्रॅमही नसतो. त्या काट्यावर दहा टक्क्यांची चूक दिसणारच नाही. बारीक काटा मिळाला नाही तर एका तुकड्याऐवजी दहा तुकडे एकत्र तोलावेत, किंवा अख्खी सळई तोलून तिच्या लांबीने भागावं.

८ एमएमचे तीन तुकडे ४१२, ४१४ आणि ४१६ ग्रॅम भरले. सरासरी मीटरला ०.४१४ किलो, पुस्तकातल्या वजनापेक्षा जवळपास पाच टक्के जास्त. १० एमएम ०.६२०, म्हणजे जवळजवळ बरोबर. १६ एमएम १.५७६, तीही बरोबर. १२ एमएमचे तुकडे भरले ८५०, ८४६ आणि ८३० ग्रॅम. सरासरी ०.८४२, पाच टक्क्यांहून थोडी जास्त घट.

गुरुजींनी दुकानातच पिशवीच्या पाठीवर गुणाकार सुरू केला. १८१२ मीटर गुणिले ०.४१४, साडेसातशे किलो. ५८८ गुणिले ०.८४२, ४९५ किलो. १० एमएमचे ३९४, १६ एमएमचे ५११. एकूण २१५०. चलनातला प्रत्येक आकडा किलोभरात बरोबर निघाला.

सगळं चित्र तिथे उघडं पडलं. ८ एमएमच्या सळ्या जड होत्या, त्यामुळे मोजणीइतक्या सळ्यांच्या पुस्तकी वजनापेक्षा ३४ किलो जास्त भरले आणि तेवढ्याच पैशात सळ्या कमी आल्या. १२ एमएमच्या सळ्या हलक्या होत्या, तिथे २७ किलो कमी भरले आणि सळ्या जास्त आल्या. एकाची वाढ आणि दुसऱ्याची तूट बेरजेत एकमेकांना खाऊन गेली आणि उरला आठ किलोंचा निरागस फरक. म्हणून एकूण टन जुळवून पाहण्याला मी तपासणी मानतच नाही. एका व्यासाची चूक दुसऱ्या व्यासाच्या चुकीला झाकू शकते, आणि काँक्रीटमध्ये १२ एमएमची जादा सळई ८ एमएमच्या रिंगेचं काम करत नाही. बीबीएस आणि आलेला माल यांची गाठ व्यासागणिक घालायची, आणि तीही मीटरमध्ये.

कारखान्यातून सळई जड किंवा हलकी का येते? तापलेलं पोलाद रोलच्या खाचांमधून दाबत दाबत सळई बनते. खाचा झिजत जातात तशी सळई किंचित जाड होते, रोल बदलले किंवा जवळ आणले की बारीक. बाजारात याला रोलिंग मार्जिन म्हणतात. भारतीय मानक आयएस १७८६ हे मान्य करतं आणि त्याला कुंपण घालतं. १० एमएमपर्यंतच्या सळ्यांच्या एका लॉटची सरासरी ठरलेल्या वजनापासून वर किंवा खाली ७ टक्क्यांपर्यंत चालते. १०च्या वर १६ एमएमपर्यंत ५ टक्के आणि १६च्या वर ३ टक्के. एकट्यादुकट्या नमुन्यासाठी हलकेपणाची मर्यादा थोडी सैल आहे, अनुक्रमे ८, ६ आणि ४ टक्के. बारीक सळईला सूट जास्त, कारण तिच्यात खाचेतला केसभर फरकही टक्केवारीत मोठा होतो.

हे कुंपण समोर ठेवून आमचे आकडे पाहा. ८ एमएमची पाच टक्के वाढ सात टक्क्यांच्या आत आहे. माल निर्दोष. वजन प्रामाणिक, दर्जा मानकाप्रमाणे, आणि तरीही स्लॅबला सळई कमी. इथे दुकानदाराशी भांडायला काहीच कारण नव्हतं. चूक असेल तर ती मागणी किलोत करून मीटर गृहीत धरण्याची, म्हणजे माझी.

१२ एमएमची गोष्ट वेगळी. सरासरी ५.२ टक्के हलकी, म्हणजे लॉटची मर्यादा ओलांडलेली. तीनातला एक तुकडा ८३० ग्रॅम, साडेसहा टक्के हलका, म्हणजे एकट्या नमुन्याच्या मर्यादेखालीही गेलेला. मर्यादा आहे ०.८३५. तीन तुकड्यांवरून लॉटला कायमचं नापास ठरवणं घाईचं झालं असतं, म्हणून त्याच बंडलातून आणखी दोन तुकडे कापले. ८३२ आणि ८२८. आता शंका उरली नाही.

सव्वापाच टक्के म्हणजे किती, हे गुरुजींना मी असं सांगितलं: बीमच्या तळाशी वीस सळ्या हव्या असताना एकोणीस टाकल्यासारखं. डिझाइनमध्ये पोलादासाठी सुरक्षेचा गुणक धरलेला असतो, घर यामुळे उद्या पडणार नाही. पण तो गुणक कामातल्या अटळ उणिवांसाठी आहे, विकत घेतानाच वापरून टाकण्यासाठी नाही. वजनावर घेतलं असल्याने गुरुजींचे पैसे बुडाले नव्हते, उलट ४८ मीटर सळई जास्त आली होती. हीच सळई नगावर घेतली असती तर हिशेब उलटा झाला असता. हलक्या सळईचे पूर्ण पैसे गेले असते आणि नग मोजून कधीच कळलं नसतं. नगावर घेणाऱ्याने वजन करावं आणि वजनावर घेणाऱ्याने नग मोजावेत, कारण ज्या मापाने पैसे दिले ते माप विक्रेत्याने आधीच जुळवलेलं असतं.

दुकानदाराला फोन केला. सळ्या कापलेल्या नव्हत्या, लॉटचा टॅग बंडलावर होता, पाच तुकड्यांची वजनं कागदावर होती. तो स्वतः आला, आमच्यासमोर आणखी एक सळई तोलली आणि १२ एमएमचा सगळा लॉट परत नेला. बदल्यात आलेल्या सळ्या मीटरला ०.८८४ भरल्या. ८ एमएमची गरज नव्याने काढली. १८४० मीटर आणि वर तीन टक्के, म्हणजे १८९५. हाती १८१२. सात सळ्या आणखी हव्या होत्या, ३५ किलो. जडपणात गेलेले ३४ किलो आणि हे ३५ किलो जवळजवळ एकच आहेत, यात योगायोग नाही. जे वजन जाडीत गेलं तेच लांबीत कमी पडलं होतं.

त्या सात सळ्या आणल्या नसत्या तर काय झालं असतं, ते मी अनेक साइटवर पाहिलं आहे. लोखंड कमी पडतंय हे स्लॅबच्या आदल्या रात्री कळतं. दुकान बंद असतं, सकाळी सात वाजता काँक्रीटची गाडी येणार असते. मग कुणीही न सांगता रिंगांमधलं अंतर १५०चं १७५ होतं, स्लॅबच्या सळ्या थोड्या विरळ होतात. फिटर त्यात वाईट हेतूने काही करत नाही, हातात आहे ते पुरवतो. काँक्रीट पडल्यावर ते कुणाला दिसत नाही. म्हणून आलेला माल मोजायचा तो उतरवतानाच, कापणी सुरू होण्याआधी.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माणूस जुळणाऱ्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवतो किंवा न जुळणाऱ्यावर विनाकारण संशय घेतो. रस्त्यावरचा मोठा वजनकाटा साधारण पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने वाचतो, आणि गाडी दोनदा चढते. त्यात एकदा ड्रायव्हर केबिनमध्ये आणि एकदा खाली असेल तर साठ-सत्तर किलो इकडचे तिकडे. दोन टनांच्या मालात वीस किलोंचा फरक एक टक्का असतो, तो सोडून द्यावा. पण दोनशे किलोंचा माल त्या काट्यावर नेणं व्यर्थ आहे. तिथे वीस किलो म्हणजे दहा टक्के.

लांबीतही एक जुनी सवय आड येते. १२ मीटरच्या सळईला बाजार ‘चाळीस फुटी’ म्हणतो. चाळीस फूट म्हणजे १२.१९ मीटर. आमच्या १५१ सळ्यांना चाळीस फुटांनी गुणलं असतं तर कागदावर २९ मीटर जास्त दिसली असती आणि २८ मीटरची तूट कागदावरच भरून निघाली असती. फिटरची शंका मी हसून उडवली असती.

आणि बीबीएस स्वतःही चुकतो. १२ मीटरपेक्षा लांब सळई मिळत नाही, त्यामुळे लांब बीममध्ये दोन सळ्या एकमेकींवर चढवाव्या लागतात. हा लॅप व्यासाच्या पन्नासपट धरला तर १६ एमएमला ८०० एमएम होतो, आणि तक्ता करणारा तो विसरला तर प्रत्येक जोडाला तेवढी सळई कमी पडते. वरची जाळी उचलून धरणाऱ्या चेअरही कित्येक तक्त्यांत नसतात. नासाडीची टक्केवारी तर मालापेक्षा कापाच्या लांबीवर ठरते. १.०८४ मीटरच्या रिंगा १२ मीटरमधून अकरा निघतात आणि उरतो जेमतेम आठ सेंटिमीटरचा तुकडा. पण ३.७ मीटरचे तुकडे कापायचे असले तर तीन निघतात आणि ९० सेंटिमीटर उरतात, साडेसात टक्के, ज्यातून एक रिंगही होत नाही. म्हणून आकडा जुळला नाही तर आधी एका मीटरचं वजन पाहावं, मग नग आणि लांबी, मग बीबीएसमधले लॅप आणि चेअर, आणि शेवटी कापणी. दुकानदाराकडे बोट दाखवायची वेळ या सगळ्यानंतर येते.

स्लॅब ठरल्या शनिवारी पडला. दोन दिवसांनी गुरुजी वही घेऊन आले. त्यांना ८ एमएमचा हिशेब मिटवायचा होता. एकूण १५८ सळ्या आल्या, १८९६ मीटर. दोन अख्ख्या सळ्या शिल्लक, २४ मीटर. वापरता येतील असे तुकडे टेपने मोजून ११ मीटर. भंगाराच्या ढिगातून ८ एमएमचे बारीक तुकडे त्यांनी स्वतः वेगळे काढून तोलले होते, ७ किलो. त्याला पुस्तकातल्या ०.३९५ने भागायला निघाले आणि थांबले. "०.४१४ने भागायला हवं ना?" हो. १७ मीटर. म्हणजे स्लॅबमध्ये १८४४ मीटर गेली. बीबीएस सांगत होता १८४०.

"चार मीटर जास्त," गुरुजी म्हणाले.

फिटर तिथेच सेंट्रिंगच्या फळ्या रचत होता. किराणा दुकानात तोललेले ते एकेक मीटरचे तीन तुकडे चेअर करून जिन्याजवळ बसवले, असं त्याने सांगितलं. गुरुजींनी वहीत तीन मीटर लिहिले आणि उरलेल्या एका मीटरसमोर प्रश्नचिन्ह काढलं.